लॉगआउट केलं, पण पासवर्ड कॅफेतच राहिला

बारावीचा निकाल लागला की तालुक्याच्या गावी नेट कॅफेत बसायला जागा मिळत नाही. सीईटीनंतरचे प्रवेश, महाडीबीटीची शिष्यवृत्ती, भरतीचे अर्ज, सगळी गर्दी तिथेच. मुलगी लॉगिन करते आणि क्रोमच्या वरच्या उजव्या कोपऱ्यात एक छोटी चौकट उघडते: Save password? मागे रांग खोळंबलेली असते. ती Save दाबते, अर्ज भरते, आठवणीने लॉगआउट करते आणि निर्धास्त मनाने घरी जाते.

लॉगआउटमुळे फक्त त्या संकेतस्थळावरचं तिचं काम बंद होतं. पासवर्ड संकेतस्थळाने नव्हे, ब्राउझरने जपून ठेवलेला असतो. पुढच्या मुलाने तेच पान उघडलं की तिचं युजरनेम आणि ठिपक्यांत झाकलेला पासवर्ड आपोआप भरलेला दिसतो. कॅप्चा तर कुणीही वाचून टाकू शकतो. आत गेल्यावर तिचं उत्पन्नाचं प्रमाणपत्र, जातीचा दाखला, पत्ता, सगळं समोर. शिष्यवृत्तीची रक्कम आधारशी जोडलेल्या खात्यात जाते, म्हणून पैसे वळवणं सोपं नाही. पण भरलेल्या माहितीत कुणी ढवळाढवळ केली आणि मुदत उलटून गेली, तर वर्ष वाया जाऊ शकतं.

याहून कमी लोकांना ठाऊक असलेली गोष्ट वेगळीच आहे. क्रोममध्ये तीन ठिपक्यांच्या शेजारी गोल चित्र असतं. त्यावर क्लिक केल्यावर कॅफेवाल्याचं किंवा आधीच्या गिऱ्हाइकाचं नाव आणि ईमेल दिसला, तर तो ब्राउझर त्यांच्या गूगल खात्याला जोडलेला असण्याची शक्यता आहे. तसं असेल तर Save दाबताच तुमचा पासवर्ड त्या खात्यात जाऊ शकतो, आणि तिथून त्या माणसाच्या मोबाइलवरही. कॅफेवाला भला माणूस असेल, बहुतेक असतातच; पण आपली किल्ली त्याच्या खिशात गेल्याचं त्यालाही कळत नाही. उलटही घडतं. क्रोममध्ये तुम्ही स्वतःच्या गूगल खात्याने साइन इन केलंत आणि सिंक चालू झालं, तर तुमच्या मोबाइलवर साठवलेले इतर पासवर्ड कॅफेच्या संगणकावर उतरू शकतात.

ऑटोफिलचा धोका आणखी निराळा आहे, कारण तिथे दुसऱ्याची माहिती तुमच्या अर्जात शिरते. समजा, नावाच्या रकान्यात पहिलं अक्षर टाइप करताच खाली एक सूचना आली. नाव जुळतंय असं वाटून तुम्ही ती निवडली. एका क्लिकसरशी पत्ता, पिनकोड, ईमेल, मोबाइल असे खालचे रकानेही भरतात, पडद्यावर न दिसणारेसुद्धा. नाव तुम्ही दुरुस्त करता, पण खाली ईमेल आधीच्या उमेदवाराचाच राहतो. ओटीपीने पडताळणी असेल तर चूक लगेच कळते. नसेल तर प्रवेशपत्राची सूचना त्या अनोळखी माणसाकडे जाते आणि तुम्ही वाट पाहत बसता. यावर एक खूण आहे: क्रोमने स्वतः भरलेल्या रकान्यांची पार्श्वभूमी फिकट निळसर दिसते. सबमिट करण्याआधी पान वरपासून खालपर्यंत सरकवून असे रकाने शोधा आणि प्रत्येक वाचा.

यातलं बरंचसं टाळायचं तर त्याच गोल चित्राखालच्या मेनूतून Guest खिडकी उघडा. तिला संगणकावरची आधीची साठवण दिसत नाही आणि सगळ्या गेस्ट खिडक्या बंद केल्या की तुमची माहितीही पुसली जाते. Ctrl+Shift+N ने उघडणारी इन्कॉग्निटो खिडकीही चालते, पण तिच्यात आधी साठवलेल्या माहितीच्या सूचना येऊ शकतात, म्हणून मी गेस्टच सुचवेन. दोन गोष्टींवर मात्र दोन्हींचा इलाज नाही. डाउनलोड केलेली पावती आणि पेनड्राइव्हवरून उतरवलेला आधारचा स्कॅन संगणकात तसेच राहतात. ते Downloads मधून आणि नंतर Recycle Bin मधूनही काढावे लागतात. आणि संगणकात कळा नोंदवणारा छुपा प्रोग्राम असेल, तर कुठलीच खिडकी वाचवू शकत नाही.

Save आधीच दाबलं गेलं असेल, तर फक्त कॅफेत जाऊन नोंद पुसणं पुरेसं नाही, कारण तोवर ती कुणी पाहिलेली असू शकते. पासवर्ड बदला, आणि तो स्वतःच्या मोबाइलवरून बदला. कॅफेतच बदललात तर क्रोम Update password? असं विचारतो आणि घाईत नवा पासवर्डही तिथेच साठतो. हाच पासवर्ड ईमेललाही ठेवला असेल, तर आधी ईमेलचा बदला, कारण बाकीच्या खात्यांचे पासवर्ड विसरल्यावर नवे मिळवण्याची वाट ईमेलमधूनच जाते. कॅफेत गूगल खातं उघडलं होतं का, ते आठवा, myaccount.google.com वर सुरक्षेच्या विभागात तुमच्या उपकरणांची यादी असते, तिथून तो संगणक साइन आउट करा.

दुसऱ्याचा पासवर्ड लबाडीने वापरणं हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम 66C खाली गुन्हा आहे, 3 वर्षांपर्यंत कैद आणि 1 लाखापर्यंत दंड. अर्जात छेडछाड झाल्याचं दिसलं तर पडद्याचे फोटो काढा, प्रवेश किंवा भरती पाहणाऱ्या कार्यालयाला त्याच दिवशी लेखी कळवा आणि cybercrime.gov.in वर तक्रार नोंदवा.