तिसऱ्या चालू देयकाचे पत्र

बांधकामाचे कंत्राट घेतलेल्याला इमारत पूर्ण होईपर्यंत पैशांसाठी थांबणे परवडत नाही. त्यामुळे काम जसे पुढे सरकेल तशी त्याची मोजमापे होतात आणि त्यानुसार टप्प्याटप्प्याने पैसे मिळतात. अशा टप्प्याच्या बिलाला चालू देयक म्हणतात. साइटवर त्याचे नाव आर.ए. बिल. या देयकावर कार्यालयाला उद्देशून लिहिलेले एक पत्र लावलेले असते. बहुतेक वेळा ते मागच्या पत्राची तारीख बदलून काढलेले असते आणि त्यातला मजकूर साधारण असा असतो: ‘उपरोक्त विषयान्वये सादर करण्यात येते की, सदर काम प्रगतिपथावर असून बरेचसे काम पूर्ण झाले आहे. तरी शासकीय कपाती वजा जाता देय रक्कम लवकरात लवकर अदा व्हावी, ही नम्र विनंती.’

या पत्रात नम्रता आहे, पण तपासता येईल असे काहीच नाही. किती काम झाले, ते कोणत्या पानावर मोजले आहे, कपाती कोणत्या आणि कोणत्या रकमेवर, शेवटी मागणी किती, यातले एकही उत्तर मिळत नाही. मग शाखा अभियंता, उपअभियंता आणि लेखा शाखा हे तिघेही आपापल्या परीने आकडे शोधतात. त्यांचे आकडे एकमेकांशी जुळले नाहीत की देयक शेरा मारून परत येते. पत्र घट्ट करायचे म्हणजे ते लांबवायचे नव्हे. त्यातला प्रत्येक आकडा कुठून आला हे वाचणाऱ्याला दोन बेरजा-वजाबाक्यांत कळावे, एवढेच काम करायचे.

उदाहरणासाठी जिल्हा परिषद शाळेच्या दोन वर्गखोल्यांचे काम घेऊ. निविदा बाबनिहाय दराची आहे, कंत्राटदार एकटा मालक आहे आणि देयक तिसरे आहे. या टप्प्यात चार बाबींचे काम झाले: वीटकाम, स्लॅबचे काँक्रीट, त्यातले लोखंड आणि आतील गिलावा.

सगळ्यात जास्त गोंधळ ‘आजपर्यंत’ आणि ‘या वेळी’ या दोन परिमाणांत होतो. चालू देयकात कामाची मोजदाद सुरुवातीपासून आजपर्यंतची असते आणि त्यातून आधी मंजूर झालेले वजा करून या वेळचे उरते. वीटकाम आजपर्यंत ४६.८० घनमीटर झाले, त्यातले १८.३० मागच्या देयकांत आले, म्हणून या वेळचे २८.५०. पत्रात नुसते ‘वीटकाम ४६.८० घनमीटर’ लिहिले तर घाईत वाचणाऱ्याला तेवढ्याचे पैसे मागितले आहेत असे वाटते. नुसते २८.५० लिहिले तर निविदेतले परिमाण ओलांडले गेले का, हे दिसत नाही. म्हणून तिन्ही आकडे लागतात. याच कामात निविदेतले वीटकाम ४५ घनमीटर असेल, तर १.८० घनमीटर जादा झाले आहे आणि त्याला सक्षम अधिकाऱ्याची मान्यता लागेल. ही गोष्ट कंत्राटदाराने आपणहून लिहिलेली बरी. लेखा शाखेला ती तशीही सापडतेच, फक्त महिनाभर उशिरा.

‘आधीचे’ म्हणून कोणता आकडा धरायचा, यातही एक खोच आहे. मागच्या देयकाचे तीन आकडे कंत्राटदाराच्या फायलीत असतात: त्याने मागितलेला, कार्यालयाने मंजूर केलेला आणि कपातीनंतर बँकेत जमा झालेला. वजा करायचा तो मंजूर झालेल्या कामाच्या किमतीचा आकडा. बँकेत जमा झालेली रक्कम वजा केली तर मागच्या कपाती नव्या देयकात पुन्हा मागितल्यासारख्या होतात, आणि हे जाणूनबुजून केले नसले तरी तसे दिसते. आपल्या उदाहरणात पहिल्या दोन देयकांत मंजूर झालेल्या कामाची किंमत ७,५०,००० रुपये आहे. आजपर्यंतची किंमत १२,४०,८००. म्हणजे या देयकाचे काम ४,९०,८०० रुपयांचे.

हा ४,९०,८०० चा आकडा चार बाबींतून पुन्हा उभा राहिला पाहिजे. वीटकाम २८.५० घनमीटर, दर ७,२०० रुपये, म्हणून २,०५,२००. स्लॅब १२ मीटर लांब, १० मीटर रुंद आणि १२ सेंटिमीटर जाड, म्हणजे १४.४० घनमीटर, ८,५०० च्या दराने १,२२,४००. लोखंड १.४० टन, ८०,००० च्या दराने १,१२,०००. गिलावा १६० चौरस मीटर, ३२० च्या दराने ५१,२००. बेरीज ४,९०,८००. अनुभवी उपअभियंता यातला लोखंडाचा आकडा आधी पाहतो. साध्या स्लॅबला घनमीटरमागे साधारण ८० ते १०० किलो लोखंड लागते; इथे ते ९७ किलो येते, तेव्हा तो पुढे सरकतो. हेच १५० आले असते तर त्याने पहिल्यांदा सळ्यांचा तक्ता मागवला असता.

गिलाव्याचा निविदेतला दर मात्र ४०० आहे, ३२० नाही. नीरू फिनिशचा हात अजून बाकी असल्यामुळे शाखा अभियंत्याने ८० टक्के दर धरला. हे कारण पत्रात एका ओळीत आले नाही तर पुढच्या देयकात तोच गिलावा ४०० ने आलेला पाहून तपासणाऱ्याला शंका येते. कारण लिहिलेले असेल तर हिशेब सरळ आहे: पुढच्या वेळी आजपर्यंतचा गिलावा १६० चौरस मीटर, दर ४००, किंमत ६४,०००, त्यातून आधीचे ५१,२०० वजा होऊन १२,८०० मिळतात.

गिलाव्यात दारे-खिडक्यांची वजावट हाही वादाचा विषय असतो. भारतीय मानक आय.एस. १२०० प्रमाणे अर्ध्या चौरस मीटरपर्यंतचे भोक वजा करत नाहीत. अर्ध्यापासून तीन चौरस मीटरपर्यंतचे भोक भिंतीच्या दोन्ही बाजूंना सारखा गिलावा असेल तर एकाच बाजूने वजा होते आणि त्याच्या कडांचा गिलावा वेगळा धरत नाहीत. १ मीटर रुंद आणि २.१० मीटर उंच दाराचे २.१० चौरस मीटर याच नियमात बसतात. हा सगळा तपशील पत्रात लिहू नये. त्याची जागा मोजमाप पुस्तकात आहे. पत्राने फक्त पुस्तकाचा क्रमांक आणि पान सांगावे. पत्रात मोजमापे नव्याने मांडली की एखादा आकडा हमखास वेगळा पडतो आणि मग खरे कोणते, यावर दिवस जातात. शंका आली तर मोजमाप पुस्तकच प्रमाण मानले जाते.

आता कपाती. ‘शासकीय कपाती वजा जाता’ या चार शब्दांत निदान चार वेगवेगळ्या कपाती दडलेल्या असतात. एकट्या मालकाच्या देयकातून आयकर १ टक्का कापतात; भागीदारी संस्था किंवा कंपनी असती तर २ टक्के. कंत्राट अडीच लाखांच्या वर असल्याने जीएसटीची उगमकपात २ टक्के. बांधकाम कामगार कल्याण उपकर १ टक्का. आणि करारातल्या अटीप्रमाणे सुरक्षा ठेव, इथे ५ टक्के. या साऱ्या कपाती ४,९०,८०० वर मोजायच्या, जीएसटी मिळवून येणाऱ्या रकमेवर नाही. अर्थात त्यासाठी जीएसटी देयकात वेगळा दाखवलेला हवा. पत्रात कपातीची टक्केवारी आणि ती कोणत्या रकमेवर, हे दोन्ही लिहिले की कार्यालयाचा आकडा वेगळा आला तरी फरक कुठे पडला ते लगेच सापडते.

याच कामात आणखी एक गुंता आहे. दुसऱ्या देयकाच्या वेळी काँक्रीटच्या ठोकळ्यांचा २८ दिवसांचा चाचणी अहवाल आला नव्हता, म्हणून देय रकमेतून ३०,००० रुपये रोखून ठेवले होते. आता अहवाल समाधानकारक आला आहे. हे ३०,००० कंत्राटदार सवयीने या वेळच्या कामाच्या किमतीत मिळवून टाकतो आणि कामाची किंमत ५,२०,८०० होते. पण त्या कामावरचा जीएसटी आणि सगळ्या कपाती मागच्याच वेळी झाल्या आहेत. असे मिळवले तर त्यावर १८ टक्के जीएसटी पुन्हा मागितला जातो आणि ९ टक्के कपात पुन्हा होते; निव्वळ मागणी २,७०० रुपयांनी फुगते. रक्कम लहान आहे, पण ती कुठून आली हे सापडेपर्यंत पूर्ण देयक अडकते. सोडवायची रक्कम म्हणून ती कपातींच्या खाली, सगळ्यात शेवटी दाखवावी.

हे सारे धरून पत्र असे होते:

विषय: दोन वर्गखोल्यांचे बांधकाम – तिसरे चालू देयक.

१. देयकातील मोजमापे मोजमाप पुस्तक क्र. १२, पान ३१ ते ३८ वर असून ती मला मान्य आहेत.

२. आजपर्यंतच्या कामाची किंमत रु. १२,४०,८००, दुसऱ्या देयकापर्यंत मंजूर रु. ७,५०,०००, या देयकाचे काम रु. ४,९०,८००.

३. वीटकाम आजपर्यंत ४६.८० घनमीटर, पैकी आधीचे १८.३०, या वेळचे २८.५०. निविदेपेक्षा १.८० घनमीटर जादा असून त्यास मान्यता मिळावी. गिलाव्याचा नीरू फिनिश बाकी असल्याने ४०० ऐवजी ३२० दर लावला आहे.

४. जीएसटी १८ टक्के रु. ८८,३४४ मिळवून रु. ५,७९,१४४.

५. रु. ४,९०,८०० वरील कपाती: सुरक्षा ठेव ५ टक्के २४,५४०; आयकर १ टक्का ४,९०८; जीएसटी उगमकपात २ टक्के ९,८१६; कामगार उपकर १ टक्का ४,९०८. एकूण रु. ४४,१७२. बाकी रु. ५,३४,९७२.

६. दुसऱ्या देयकातून रोखलेले रु. ३०,००० सोडावेत; चाचणी अहवाल सोबत आहे. एकूण मागणी रु. ५,६४,९७२.

विनंतीची ओळ याखाली एकदाच पुरे. ‘काम उत्कृष्ट दर्जाचे झाले आहे’ यासारखी वाक्ये काढून टाकावीत. दर्जा चाचणी अहवालावरून ठरतो. मजुरांची देणी, वाढलेले सिमेंटचे भाव, रखडलेले जुने देयक या तक्रारी खऱ्या असल्या तरी त्यांच्यासाठी स्वतंत्र पत्र द्यावे, कारण त्यांवर निर्णय घेणारा अधिकारी वेगळा असू शकतो आणि तोवर हे देयक त्याच्या टेबलावर पडून राहते. निविदा टक्केवारीची असेल, म्हणजे अंदाजपत्रकी दरांपेक्षा ठरावीक टक्के कमी किंवा जास्त, तर दुसऱ्या मुद्द्यातली रक्कम ती टक्केवारी लावण्याआधीची की नंतरची हे लिहावेच लागते.

पत्र कितीही नेटके असले तरी त्याने मोजमाप बदलत नाही. पुस्तकातली नोंद चुकीची वाटत असेल तर मान्यतेची सही करण्याआधी शाखा अभियंत्याबरोबर जागेवर फेरमोजणी करून घ्यावी लागते. चुकीची नोंद खाडाखोड न करता एका रेघेने कापून सहीनिशी दुरुस्त करतात. एखाद्या बाबीवर मतभेद उरलाच तर पत्राच्या पहिल्या मुद्द्यात तेवढी बाब सोडून बाकीची मोजमापे मान्य असल्याचे लिहावे, म्हणजे वादापुरती रक्कम अडते आणि उरलेले देयक पुढे जाते.