आधी खायचा, मग धुण्याचा

धुण्याचा सोडा बनवणाऱ्या कारखान्यात आधी तयार होतो तो खाण्याचा सोडा. बेल्जियमच्या अर्नेस्ट सॉल्व्हेने 1861 मध्ये पेटंट घेतलेली ही पद्धत गुजरातेत मिठापूरलाही वापरतात.

मिठाच्या दाट द्रावणात आधी अमोनिया मुरवतात. मग उंच मनोऱ्यात वरून हे द्रावण आणि खालून कार्बन डायऑक्साइड सोडतात. क्रम उलटा चालत नाही, कारण नुसत्या खाऱ्या पाण्यात हा वायू फारसा विरघळत नाही. अमोनियामुळे पाणी अल्कधर्मी होते आणि भरपूर बायकार्बोनेट तयार होते.

NaCl + NH₃ + CO₂ + H₂O → NaHCO₃ + NH₄Cl

आता द्रावणात सोडियम, अमोनियम, क्लोराइड, बायकार्बोनेट असे चार आयन एकत्र फिरतात. त्यांच्या जोड्यांपैकी खाली बसते ती सर्वांत कमी विरघळणारी. 20 अंश सेल्सिअसला 100 ग्रॅम पाण्यात मीठ सुमारे 36 ग्रॅम विरघळते, नवसागर 37, अमोनियम बायकार्बोनेट 22 आणि खाण्याचा सोडा जेमतेम 10. शिवाय मिठातून आलेल्या सोडियमची गर्दी त्याला आणखी बाहेर ढकलते. म्हणूनच मनोऱ्याचा खालचा भाग थंड ठेवतात. तो तापला की सोडा द्रावणातच राहतो.

गाळलेला सोडा भाजला की सोडियम कार्बोनेट उरते:

2NaHCO₃ → Na₂CO₃ + H₂O + CO₂

ते पाण्यात विरघळवून स्फटिक पाडले की धुण्याचा सोडा, Na₂CO₃·10H₂O.

उरलेल्या नवसागरात चुना घालून महागडा अमोनिया परत मिळवतात. मात्र पोटॅशियम कार्बोनेट असे बनवता येत नाही, कारण पोटॅशियम बायकार्बोनेट चांगलेच विरघळते.