डिपॉझिटमधून कापलेल्या रकमेचा हिशेब

दुकानासाठी गाळा भाड्याने घेताना मालकाला दिलेले डिपॉझिट हा खर्च नसतो. करार संपल्यावर ते परत मिळायचे असल्यामुळे ती भाडेकरूची मालमत्ता असते. म्हणून रोजकीर्दीत ‘गाळा डिपॉझिट’ खाते नावे आणि बँक खाते जमा होते. ताळेबंदात ही रक्कम मालमत्तेच्या बाजूला दिसत राहते, नफा-तोटा पत्रकात येत नाही.

पुण्यातील एका कापड दुकानाचे उदाहरण घेऊ. लीव्ह अँड लायसन्स करारानुसार डिपॉझिट २,००,००० रुपये आणि मासिक भाडे ३०,००० रुपये होते. दुकानदाराने एक महिन्याची नोटीस न देता गाळा सोडला. मालकाने करारातील अटीप्रमाणे नोटिशीच्या बदल्यात ३०,००० रुपये, भिंतींची दुरुस्ती व रंगकामाचे १८,००० आणि थकीत वीजबिलाचे ४,५०० रुपये कापले. उरलेले १,४७,५०० रुपये बँकेत जमा झाले.

आता डिपॉझिट खाते पूर्ण २,००,००० रुपयांनी जमा करायचे. समोर बँक १,४७,५०० रुपयांनी नावे पडते आणि कापलेली प्रत्येक रक्कम तिच्या कारणाच्या खात्यात नावे जाते: ३०,००० नोटीस भरपाईत, १८,००० दुरुस्ती खर्चात. वीजबिलाकडे मात्र नीट पाहावे लागते. ते बिल आधीच खर्चात धरून ‘देणे वीजबिल’ खात्यात दाखवले असेल, तर आता फक्त ते देणे फिटते. पुन्हा खर्चात टाकले, तर एकच बिल दोनदा मोजले जाते. म्हणजे कपात ५२,५०० रुपयांची असली तरी नवा खर्च ४८,००० रुपयांचाच आहे.

सर्व कपात ‘बुडीत’ म्हणून एकाच ओळीत लिहिणे ही नेहमीची चूक आहे. त्याने खर्चाचे कारण हरवते. शेवटच्या महिन्यांचे भाडे डिपॉझिटमधून वळते करायचे ठरले असेल, तरी ते खर्चात त्या त्या महिन्यातच धरावे लागते, हिशेब मिटेपर्यंत थांबता येत नाही. परत मिळणाऱ्या डिपॉझिटवर जीएसटी नसतो, पण ते भाड्यात वळते केले की त्या रकमेला भाड्याचेच नियम लागतात.

कपातीवर वाद असेल, तर मिळण्याची खात्री असलेली रक्कमच येणे म्हणून ठेवावी आणि बाकीची तरतूद करावी. ३१ मार्चपूर्वी गाळा सोडून कपात निश्चित झाली असेल, तर पैसे एप्रिलमध्ये मिळाले तरी खर्च जुन्याच वर्षात जातो.

मालकाच्या वहीत डिपॉझिट हे देणे असते. परत केलेल्या आणि कापलेल्या रकमेने ते संपते. नोटिशीच्या बदल्यात ठेवलेले पैसे त्याचे उत्पन्न ठरतात, तर रंगकामासाठी कापलेले पैसे त्याने केलेल्या खर्चाची वसुली म्हणून दाखवता येतात. भाडेकरूच्या वहीत शेवटी डिपॉझिट खात्याची शिल्लक शून्य हवी. काही उरलीच, तर ती मालकाकडून अजून येणे असलेली रक्कमच असली पाहिजे.