पंगत बसण्याआधीची तीन मिनिटं

वास्तुशांतीची पूर्णाहुती झाली, आरती झाली, आग्नेय कोपऱ्यात वास्तुपुरुषाची प्रतिमा पुरून झाली. बाहेर मांडवात पानं मांडायची लगबग सुरू असते. तेवढ्यात कुणीतरी यजमानाला पुढे ढकलतं, "अरे, दोन शब्द बोल की!" धुरानं डोळे लाल झालेला, सोवळं नेसलेला यजमान घसा खाकरतो आणि हमखास तेच वाक्य म्हणतो, "मी कुणाचे आभार मानणार नाही, मला सगळ्यांच्या ऋणातच राहायला आवडेल."

टाळ्या पडतात. पण ज्या मेहुण्यानं भर उन्हाळ्यात स्लॅबला पाणी मारलं, त्याच्या वाट्याला त्या वाक्यातलं काही येत नाही.

आपल्याकडे जवळच्या माणसाचे आभार मानणं अवघडच. "आभार कसले मानतोस, परकं केलंस की!" असं मामा लगेच सुनावतो. म्हणून 'आभार' हा शब्द वगळला तरी बिघडत नाही, मात्र कुणी काय केलं ते सांगायला हवं. 'मोलाचं सहकार्य', 'अनमोल मदत' हे शब्द कुणालाही चिकटवता येतात. पाण्याचा पाइप मात्र एकाच माणसानं टाकलेला असतो.

साताऱ्याकडच्या गावात एप्रिलमध्ये स्लॅब पडलेलं एखादं घर डोळ्यांसमोर आणा. सिमेंट घट्ट होतं ते नुसतं वाळून नव्हे. पाण्याशी त्याची रासायनिक क्रिया चालू राहावी लागते. म्हणून आय.एस. ४५६ हे भारतीय मानक साध्या सिमेंटला किमान ७ दिवस, तर कडक उन्हाळ्यात किंवा मिश्र सिमेंट असेल तर किमान १० दिवस काँक्रीट ओलं ठेवायला सांगतं. स्लॅबवर मातीची वा मसाल्याची आळी करून त्यात पाणी साठवायचं आणि सकाळ-संध्याकाळ बघायचं. दोन दिवस खाडा झाला, तर वर बारीक भेगा दिसू लागतात. आता यजमान पुण्यात नोकरीला आणि बोअर कोरडी. मग हे १० दिवस कुणी निभावले, हेच त्याच्या भाषणाचं पहिलं वाक्य व्हायला हवं. ते काहीसं असं:

"मंडळी, जेवणाला उशीर करत नाही. स्लॅब पडला तेव्हा आमची बोअर आटली होती. शेजारच्या तात्यांनी न विचारता आपल्या विहिरीवरून पाइप टाकून दिला. दहा दिवस दाजींनी दोन्ही वेळा वर चढून पाणी मारलं. मी फक्त फोनवरून विचारत होतो. नकाशात हॉलची मोठी खिडकी पश्चिमेला होती. मिस्त्री म्हणाले, पावसाचा मारा तिकडूनच येतो, वर सज्जा रुंद घ्या. यंदा श्रावणात आत थेंब आला नाही. आणि सात महिने रोज दोनदा कामगारांचा चहा जिनं केला, ती आत्ता आत वाढपाचं बघतेय. तिला जरा बाहेर बोलवा."

शेवटचं वाक्य सर्वांत जास्त वेळा राहून जातं. नवरा बोलतो, गावभराची नावं घेतो आणि बायको स्वयंपाकघरातच राहते.

बोलताना मिनिटाला शंभर-सव्वाशे शब्द होतात, म्हणजे तीन मिनिटांत तीन-चारशे. तेवढ्यात चार-पाच प्रसंग मावतात, चाळीस नावं मावत नाहीत. यादी वाचायला घेतली की एक नाव सुटतं आणि नेमकी तीच आत्या पुढची दिवाळी येत नाही. प्रसंग सांगितले, तर बाकीच्यांना "भाऊबंद आणि वाडीतली सगळी मंडळी" या एका वाक्यात घेता येतं आणि कुणाला वगळल्यासारखं वाटत नाही. आई-वडील असतील, तर सुरुवात त्यांच्यापासून. त्यात खल करण्यासारखं काही नाही.

पैशाचं मात्र चारचौघांत काढू नये. स्लॅबच्या वेळी कुणी दोन लाख हातउसने दिले असतील, तर आकडा सांगणं हे कौतुक वाटलं तरी त्या घरात त्यावरून वाद पेटू शकतो. शिवाय दुसऱ्याच दिवशी आणखी दोघं त्यांच्या दारात उभे राहतात. "अडचणीला ज्यांनी हात दिला, त्यांना मी घरी जाऊन भेटणार आहे," एवढं पुरे. आणि खरंच जावं.

राहता राहिले गवंडी, सुतार, सेंट्रिंगवाले. चौकट बसवताना त्यांना नारळ आणि टोपी-टॉवेल मिळतो, पण वास्तुशांतीला ते बहुधा शेवटच्या पंगतीला, तेही कडेला दिसतात. त्यांचं काम भाषणात सांगायचं, तर ते समोर असायला हवेत. निरोप आदल्या दिवशीच द्यावा आणि त्यांची पानं पहिल्या पंगतीत मांडावीत. भाषण संपवताना वेगळा समारोप लागत नाही. "चला, पानं वाढली आहेत," म्हटलं की झालं.