तुटलेल्या झाकणाचं मूळ माप

जुन्या मोटरचं बेअरिंग ज्यात बसतं ते बिडाचं झाकण तुटतं. कंपनी बंद पडलेली असते आणि ड्रॉइंग कुठेच मिळत नाही. हातात असतो तो फक्त तुटका नमुना आणि व्हर्निअर. आलेली मापं जशीच्या तशी संगणकात भरली, तर मॉडेलमध्ये वर्षानुवर्षांची झीजही उतरते. म्हणून व्हर्निअरवरचा आकडा हा पुरावा मानावा आणि मूळ कारागिराने कोणतं माप धरलं होतं ते त्यावरून शोधावं.

समजा, बेअरिंगचं घर एका दिशेने ४०.०६ मिमी भरलं आणि काटकोनात ४०.१४. भोक लंबगोल झालंय आणि आत चकाकीचे पट्टे दिसतात, म्हणजे बेअरिंगची बाहेरची रिंग घरात फिरत होती. खरं माप बेअरिंगच सांगतं. त्यावर ६२०३ कोरलेलं असेल, तर त्याचा बाहेरचा व्यास ४० मिमी आणि रुंदी १२ मिमी. मॉडेलमध्ये ४० लिहायचं. टर्नरसाठी शेजारी ‘एच ७’ नोंदवायचं, म्हणजे भोक ४०.००० ते ४०.०२५ मिमीच्या दरम्यान हवं. एवढा बारीक फरक व्हर्निअरवर भरवशाने कळत नाही, त्यासाठी बोअर गेज लागतं.

आता बोल्टची चार भोकं. त्यांचे मध्यबिंदू हवेत मोजता येत नाहीत, आणि व्हर्निअरच्या आतल्या जबड्यांची टोकं किंचित सपाट असल्याने लहान भोक खऱ्यापेक्षा लहानच दिसतं. म्हणून समोरासमोरच्या दोन भोकांच्या जवळच्या कडांमधलं अंतर घ्यायचं, मग लांबच्या कडांमधलं. इथे ती ४९.४२ आणि ६२.६० आली. दोन्हींची बेरीज करून निम्मं केलं की ५६.०१, कारण भोकाचा व्यास एकदा वजा आणि एकदा अधिक होऊन निघून जातो. मूळ माप ५६ असणार. पडताळा सोपा आहे: भोकं चौरसात असतील, तर शेजारच्या दोन मध्यबिंदूंमधलं अंतर ३९.६ यायला हवं. ते ३९ आलं, तर मांडणी सारखी नाही. अशा वेळी दुरुस्ती करत बसू नये, सगळी अंतरं पुन्हा घ्यावीत.

मापं वारंवार १२.६८, १९.०३, २५.३८ अशी येऊ लागली, तर नमुना इंचांतला आहे: अर्धा, पाऊण, एक.

मॉडेल करताना बेअरिंगच्या घराचा मध्य हाच आरंभबिंदू धरावा. ५६ मिमीचं वर्तुळ काढावं, त्यावर एकच भोक ठेवून ते चौफेर फिरवावं. चारही भोकं वेगवेगळ्या मापांनी मांडली, तर मोजणीतली प्रत्येक चूक मॉडेलमध्ये कायमची राहते. बाहेरची ओतीव कड मात्र ७१.६ ते ७२.३ अशी हलत असेल, तर ७२ घेऊन पुढे जावं, कारण तिथे काहीच बसत नाही.

बीड ओतायच्या आधी खऱ्या मापाचा कागद छापून मोटरच्या तोंडावर धरावा. छापताना पान आपोआप लहान झालं नाही ना, हे आधी पट्टीने तपासावं. चारही बोल्ट कागदाच्या भोकांत सरळ उतरले, की घराच्या खोलीकडे वळावं.