पुशबॅकनंतरचे धोक्याचे क्षण

प्रवासी विमान जागेवरून स्वतः मागे सरत नाही. टग त्याला मागे ढकलतो. त्याच वेळी इंजिने सुरू होतात, म्हणून पोटाखालचा व पाठीवरचा लाल दिवा आधीच लुकलुकू लागतो. इंजिन नुसते चालू असले, तरी पुढच्या काही मीटरमधला माणूस आत ओढला जाऊ शकतो. विमान हलवण्यासाठी जोर वाढवला की हा टापू रुंदावतो, आणि मागच्या झोताने सामानाच्या रिकाम्या ट्रॉल्याही उलटतात.

म्हणून क्रम ठरलेला असतो. वैमानिक पार्किंग ब्रेक लावतो. मग टग सुटतो आणि पुढच्या चाकाचे स्टिअरिंग निकामी ठेवणारी पिन काढली जाते. हेडसेट काढून तंत्रज्ञ बाजूला जातो, लाल फीत लावलेली ती पिन उंच धरून दाखवतो आणि मोकळे असल्याची खूण करतो. वैमानिकाने तिला प्रतिसाद दिल्यावरच विमान हलायचे.

१६ डिसेंबर २०१५ रोजी मुंबई विमानतळावर एअर इंडियाच्या हैदराबादच्या विमानाच्या पुशबॅकनंतर कर्मचारी दूर होण्याआधीच विमान पुढे सरकले. एक तंत्रज्ञ इंजिनात ओढला जाऊन मृत्युमुखी पडला.