अंधुक फोटो : कुठे थांबायचं आणि काय मागायचं

आज एकाच प्रश्नावर बोलू. व्हॉट्सअ‍ॅपवर कुणी कागदाचा फोटो पाठवतं, ‘मराठीत करून द्या’ म्हणतं आणि फोटो अंधुक असतो. अशा वेळी भाषांतर करायचं की नाही, हे कसं ठरवायचं?

आमच्याकडे आलेलंच एक उदाहरण घेऊ. संधिवाताच्या एका आजींचा रुग्णालयातून घरी सोडतानाचा कागद. मुद्दे इंग्रजीत, औषधं डॉक्टरांच्या हस्ताक्षरात. आजींना इंग्रजी येत नाही, म्हणून नातवाने तो आमच्याकडे पाठवला. वरचा मजकूर थोडा धूसर होता, पण वाचता येत होता. ‘सांधे’, ‘सूज’, ‘पुन्हा तपासणीला या’ असे शब्द अर्धे दिसले तरी वाक्यातून सावरता येतात. खरी अडचण औषधांच्या ओळींत होती.

एका ओळीत मेथोट्रेक्सेट हे नाव स्पष्ट होतं. पुढचा आकडा मात्र ७.५ मिलिग्रॅमही वाटत होता आणि १५ही. हाताने लिहिलेला इंग्रजी सात आणि एक सारखेच दिसतात, आणि मधला दशांशाचा ठिपका तर अंधुक फोटोत सगळ्यात आधी नाहीसा होतो. ‘संदर्भावरून ठरवू’ म्हणावं, तर संधिवातात हे दोन्ही डोस दिले जातात. म्हणजे संदर्भ इथे काहीच सांगत नाही. किती वेळा घ्यायचं, तो शब्द कागदाच्या घडीत गेला होता. खालच्या ओळीत फॉलिक अ‍ॅसिडपुढे ‘रोज’ असल्याचं स्वच्छ दिसत होतं. मोह होतो, की वरचंही रोजच असेल. पण संधिवातासाठी मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच घेतात. चुकून रोज घेतलं तर जिवावर बेतू शकतं.

यातून आमचा नियम असा ठरला. जो शब्द चुकला तर बाकीचं वाक्य ती चूक पकडून देत नाही, तो नीट दिसल्याशिवाय लिहायचा नाही. आकडे, तारखा, नावं, मात्रेचं एकक आणि ‘नाही’सारखे छोटे शब्द यात येतात. तपासायची पद्धत साधी आहे: आजूबाजूचा मजकूर हाताने झाका आणि फक्त तो आकडा वाचा. मग दुसऱ्या कुणाला, तुमचं उत्तर न सांगता, वाचायला द्या. दोघांचं वेगळं आलं, किंवा एकालाच दोन वाचनं सुचली, तर तो आकडा ‘वाचता आला नाही’ असंच समजायचं.

आता फोटो पुन्हा मागवायचा. पण नुसतं ‘नीट फोटो पाठवा’ म्हटलं, की पुन्हा तसाच फोटो येतो. आधी फोटो मोठा करून बिघाड ओळखा. अक्षरं एकाच दिशेला ओढल्यासारखी किंवा दुहेरी दिसली, तर हात हललाय. सगळं सारखंच मऊ दिसलं, तर फोकस चुकलाय. अक्षरांभोवती बारीक चौकोन दिसले, तर पाठवताना फाइल दाबली गेली आहे. अशा वेळी आधी मूळ फोटोच ‘डॉक्युमेंट’ म्हणून मागवा. फोटो ‘शार्प’ करणाऱ्या अ‍ॅपवर विसंबू नका. जो ठिपका फोटोत आलाच नाही, तो त्यातून परत येत नाही.

त्या नातवाला आम्ही असं लिहिलं: “कागद खिडकीजवळ टेबलावर सपाट ठेवा. घडी हाताने दाबून उघडा. फ्लॅश बंद ठेवा. एक फोटो चारही कोपरे दिसतील असा, आणि दुसरा फक्त औषधांच्या ओळींचा, शेवटच्या रकान्यासकट, जवळून. काढण्याआधी स्क्रीनवर त्या ओळीला बोट लावा. दोन्ही डॉक्युमेंट म्हणून पाठवा. तोवर या औषधाबद्दल आम्ही काही लिहीत नाही.”

‘ते ७.५ आहे ना?’ असं मात्र विचारलं नाही. असं विचारलं की समोरचा ‘हो’च म्हणतो. गोळ्यांच्या पाकिटाचा फोटोही पुरत नाही. पाकिटावर एका गोळीची ताकद असते, आजींनी किती गोळ्या घ्यायच्या ते नसतं.

नवे फोटो आले. ठिपका दिसला, ७.५ होते. घडीतला शब्द ‘आठवड्यातून एकदा’ असा निघाला. पण कागदच पुसट असता, तर कितीही फोटो काढून उपयोग नव्हता. तेव्हा भाषांतरात त्या जागी [अवाच्य] लिहायचं, आणि ‘डॉक्टरांना विचारल्याशिवाय हे औषध घेऊ नका’ असं फोन करून घरच्यांना सांगायचं. फोन यासाठी, की कंसातला शब्द आजी वाचतीलच असं नाही.